विश्लेषण : काखेत किंवा बसण्याच्या जागी गळू झाले, तर घरी शेक कसा द्यावा? डॉक्टरांकडे कधी जावे?

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण बहुधा अशाच एखाद्या गळवावरून आली असावी. काखेत किंवा कुल्ल्यावर लालभडक, ठणकणारी गाठ येते. हात खाली करवत नाही, खुर्चीवर टेकवत नाही, रात्री कूस बदलता येत नाही. पण दाखवायचे कोणाला, हा प्रश्न असतो. मग गुपचूप सुईने टोचणे, अंगठ्याने पिळणे, चटका बसेल इतका गरम बोळा दाबून धरणे, असे उपाय सुरू होतात. खरे तर बहुतेक लहान गळवे कोमट-गरम पाण्याच्या ओल्या शेकाने आणि थोड्या संयमाने बरी होतात. मात्र तो शेक किती गरम असावा, किती वेळ द्यावा आणि कोणत्या टप्प्यावर घरचे उपचार थांबवून दवाखाना गाठावा, हे नीट माहीत असावे लागते.

गळू म्हणजे नेमके काय?

त्वचेवरच्या प्रत्येक केसाचे मूळ एका बारीक पिशवीत असते. घर्षणाने, वस्तऱ्याने किंवा खाजवल्याने या पिशवीच्या तोंडाशी सूक्ष्म जखम होते आणि तिथून जिवाणू आत शिरतात. बहुतेक वेळा हा जिवाणू ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ असतो. अ‍ॅबरडीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० मध्ये गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा द्राक्षांच्या घडासारखे दिसणारे हे गोल जिवाणू त्यांना आढळले. त्यावरूनच त्यांनी या गटाला पुढे ‘स्टॅफिलोकोकस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘स्टॅफिली’ म्हणजे द्राक्षांचा घड.

हा जिवाणू कुठून बाहेरून येतोच असे नाही. साधारण तीनपैकी एका निरोगी माणसाच्या नाकात तो एरवीही मुक्कामाला असतो आणि काही त्रास देत नाही. त्वचेत वाट मिळाली की मात्र शरीर त्याच्याशी झुंजू लागते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धाव घेतात, आजूबाजूचा भाग सुजतो, लाल होतो आणि ठणकतो. मेलेल्या पेशी, जिवाणू आणि विरघळलेल्या ऊती यांचा पू बनतो. शरीर त्याभोवती एक भिंत उभी करते. गळू म्हणजे हा असा कोंडलेला पू. केसाच्या मुळापासून सुरू होते म्हणून त्याला ‘केसतूड’ म्हणतात, तर काखेतल्या दुखऱ्या गाठीला घरोघरी ‘काखमांजरी’ हे नाव आहे.

काखेत आणि कुल्ल्यावरच का होते?

या दोन्ही ठिकाणी केस, घाम आणि घर्षण एकत्र येतात. काखेत हवा खेळत नाही. घट्ट बाही सतत घासते आणि वस्तऱ्याने केस काढताना बारीक जखमा होतात. कुल्ल्यावर तासन्‌तास बसल्याने दाब पडतो, घामाने ओली झालेली अंतर्वस्त्रे घासत राहतात. रिक्षा, ट्रक, एसटी चालवणारे, दिवसभर दुचाकीवर फिरणारे आणि एकाच खुर्चीवर बसून काम करणारे यांना हा त्रास म्हणूनच ओळखीचा असतो.

उन्हाळ्यात गळवे वाढली की दोष आंब्याला दिला जातो. आंबा खाल्ल्याने गळू होते, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. आंब्याचा हंगाम आणि घामाचा हंगाम एकच, हे त्यामागचे साधे कारण असू शकते. मात्र मधुमेह असलेल्या व्यक्तीने साखरेचे भान न ठेवता आंबे खाल्ले, तर वाढलेली साखर संसर्गाला मदत करते, हेही तितकेच खरे.

शेकाने नेमके काय होते?

शेकाच्या उष्णतेने जिवाणू मरतात, हा समज चुकीचा आहे. त्वचेला सोसवेल इतक्या उष्णतेने ते मरत नाहीत आणि जी उष्णता त्यांना मारील ती त्वचाही भाजून काढील. शेकाचे काम वेगळे आहे. ऊब मिळाल्याने तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तपुरवठा वाढतो आणि पांढऱ्या पेशी अधिक संख्येने पोहोचतात. ओलाव्यामुळे वरची त्वचा मऊ पडते. आतला पू हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतो, गळू ‘तोंड धरते’ आणि आपोआप फुटते. ताण कमी झाल्याने ठणकाही उतरतो.

यातून एक गोष्ट लक्षात येते. जास्त गरम शेक म्हणजे जास्त फायदा, असे होत नाही. उपयोग होतो तो बेताच्या उबेचा, पुरेशा वेळेचा आणि दिवसातून अनेकदा दिलेल्या शेकाचा. एकदाच कडकडीत शेक देऊन दिवसभर विसरून जाण्याने काहीच साधत नाही.

पाणी किती गरम हवे?

पाण्याचे तापमान साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस असावे, म्हणजे तान्ह्या बाळाच्या अंघोळीच्या पाण्यापेक्षा किंचित गरम. घरी तापमापक नसेल तरी अंदाज बांधता येतो. एक पेला उकळते पाणी आणि त्याच मापाचे चार पेले माठातले नव्हे, तर नळाचे साधे पाणी एकत्र केले की उन्हाळ्या-पावसाळ्यात मिश्रण साधारण ४१-४२ अंशांच्या आसपास येते. थंडीत नळाचे पाणी गार असते, तेव्हा उकळते पाणी थोडे जास्त लागते. निम्मे उकळते आणि निम्मे साधे पाणी घेतले, तर मिश्रण ६० अंशांच्या पुढे जाते. त्याने काही सेकंदांत त्वचा भाजते. भांड्यात आधी साधे पाणी घ्यावे आणि मग उकळते ओतावे, म्हणजे चुकून हात भाजण्याचा धोका राहत नाही.

मिश्रण झाल्यावर मनगटाच्या आतल्या बाजूला त्याचे थेंब टाकून पाहावे. ऊब जाणवावी, चटका बसता कामा नये. बोटांच्या टोकांनी तपासू नये. स्वयंपाक किंवा कष्टाचे काम करणाऱ्यांच्या बोटांना उष्णता कमी जाणवते. ज्यांना मधुमेहामुळे किंवा मणक्याच्या आजारामुळे बधिरपणा आहे, त्यांनी पाणी घरातल्या दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे. शेकानंतर त्वचा थोडी गुलाबी होणे ठीक आहे. ती बराच वेळ लालभडक राहिली, जळजळली किंवा फोड आला, तर ते भाजणे आहे. मग शेक थांबवून त्या जागेवर नळाचे साधे पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ लावू नये.

शेक देण्याची पद्धत कोणती?

आधी दोन्ही हात साबणाने धुवावेत. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाची चौपदरी घडी करावी. कापड कोमट-गरम पाण्यात बुडवून पाणी ठिबकणार नाही इतके पिळावे आणि गळवावर अलगद ठेवावे. दाबू नये. दोन-तीन मिनिटांत कापड गार होते, तेव्हा पुन्हा बुडवून पिळून ठेवावे. असे एका वेळी १० ते १५ मिनिटे करावे आणि दिवसातून तीन ते चार वेळा. भांड्यातले पाणी निवले की थोडे गरम पाणी मिसळून पुन्हा मनगटावर तपासावे. शेवटी जागा स्वच्छ कापडाने टिपून कोरडी करावी, घासू नये.

काखेसाठी पाठीवर झोपून हात डोक्याच्या मागे घेतला की जागा मोकळी होते. शेक सुरू असेपर्यंत त्या काखेत डिओडरंट, पावडर किंवा केस काढण्याचे क्रीम लावू नये आणि वस्तरा फिरवू नये. सैल बाहीचा सुती कपडा घालावा.

कुल्ल्यावरच्या गळवासाठी पालथे झोपावे आणि खाली जुना टॉवेल अंथरावा. स्वतःला नीट दिसत नसेल, तर मोबाइलने दिवसातून एकदा एकाच अंतरावरून फोटो काढून ठेवावा. सूज वाढते आहे की कमी होते आहे, हे त्यातून कळते. टबात कोमट पाणी घेऊन बसणेही चालते. गळू फुटल्यावर मात्र कापडाचाच शेक बरा, कारण टबातले पाणी पुवाने दूषित होते. बसताना भार दुसऱ्या बाजूला टाकावा आणि दर अर्ध्या तासाने उठावे.

शेकासाठी वापरलेले कापड दुसऱ्या वेळी तसेच वापरू नये. चार कापडे वेगळी ठेवली आणि दिवसअखेरीस ती गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवली, की दुसऱ्या दिवसाची सोय होते. दुखणे सोसत नसेल, तर प्रौढांना पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी सहा-सहा तासांच्या अंतराने घेता येते. यकृताचा आजार असलेल्यांनी आणि नियमित मद्यपान करणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

गळू कसे पिकते? एक उदाहरण

चाळिशीतला एक रिक्षाचालक आहे असे समजू. सोमवारी त्याच्या उजव्या कुल्ल्यावर वाटाण्याएवढी कडक, लाल गाठ आली. बसल्यावर टोचत होती. मंगळवारी त्याने शेक सुरू केला : सकाळी अंघोळीआधी, दुपारी जेवायला घरी आल्यावर, संध्याकाळी आणि झोपताना. सोयीच्या कामांना हा शेक जोडल्यामुळे तो चुकला नाही.

बुधवारी गाठ आणखी फुगली आणि ठणका वाढला. ‘शेकाने उलट वाढले’ असे वाटून अनेक जण नेमके इथेच शेक सोडतात. पण कडक गाठीत पू साठून ती पिकण्याचा हाच टप्पा असतो. या वेळी त्याच्या पत्नीने एक साधी गोष्ट केली. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ आखली आणि बाजूला वेळ लिहून ठेवली. गाठ मोठी होणे वेगळे आणि लाली त्वचेवर पसरत जाणे वेगळे. हा फरक डोळ्यांच्या अंदाजाने कळत नाही, रेघेमुळे कळतो.

गुरुवारी लाली रेघेच्या आतच होती. ताप नव्हता. गाठीचा मधला भाग मऊ लागू लागला आणि त्यावर पिवळट-पांढरा ठिपका दिसला. गळवाने तोंड धरले होते. पिळण्याचा मोह होतो तो याच वेळी. त्याने तो टाळला आणि शेक चालू ठेवला. शुक्रवारी रात्री शेक देतानाच गळू फुटले, थोड्या रक्तासह घट्ट पू आला आणि काही मिनिटांत ठणका उतरला. पुढचे तीन दिवस पातळ स्राव येत राहिला, तोवर शेक आणि पट्टी सुरू होती. दुसऱ्या बुधवारी जागा कोरडी झाली, खाली फक्त तांबूस डाग राहिला.

हेच गुरुवारी वेगळे घडले असते तर? लाली रेघेच्या दोन बोटे बाहेर गेली असती आणि हुडहुडी भरली असती, तर शुक्रवारची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे हाच मार्ग होता. कारण मग संसर्ग भिंतीआड कोंडलेला राहिलेला नसतो, तो आजूबाजूच्या त्वचेत पसरू लागलेला असतो.

फुटल्यानंतर काय करावे?

हात धुऊन स्वच्छ गॉझने पू अलगद टिपून घ्यावा. जागा साध्या साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी, कोरडी करावी आणि निर्जंतुक गॉझ ठेवून चिकटपट्टीने झाकावी. पट्टी रोज बदलावी. त्याआधी भिजली तर लगेच बदलावी. वापरलेली पट्टी कागदात आणि मग पिशवीत गुंडाळून कचऱ्यात टाकावी आणि पुन्हा हात धुवावेत.

पू येणे थांबेपर्यंत शेक चालू ठेवावा. वरचे तोंड लवकर बंद झाले आणि आत पू उरला, तर दोन-चार दिवसांत तिथेच पुन्हा गळू होते. फुटल्यावर दुखणे थांबते म्हणून शेकही थांबवला जातो, त्याचा हा परिणाम असतो.

गळवातल्या पुवात जिवंत जिवाणू असतात. त्यामुळे टॉवेल, वस्तरा, पंचा, अंतर्वस्त्रे घरात कोणाशीही वाटून घेऊ नयेत. चादर आणि कपडे गरम पाण्यात धुवावेत. जखम भरेपर्यंत पोहण्याच्या तलावात उतरू नये आणि व्यायामशाळेतले बाक वापरू नयेत.

काय टाळावे?

पिळणे आणि टोचणे सर्वांत घातक. गळू पिळले की थोडा पू बाहेर येतो, पण उरलेला भिंत फोडून खोल ऊतीत आणि कधी रक्तात ढकलला जातो. सुई ज्योतीवर धरून ‘निर्जंतुक’ केली, तरी हा धोका कमी होत नाही. काखेत तर त्वचेच्या खालीच मोठ्या रक्तवाहिन्या आणि हाताच्या नसा असतात. तिथे ब्लेड चालवणे जिवावर बेतू शकते.

आजीच्या बटव्यातले अळशीचे किंवा कणकेचे गरम पोटीस हे ओल्या शेकाचेच जुने रूप. ऊब अधिक ओलावा, हे त्यातले तत्त्व बरोबर आहे. अडचण अशी, की घट्ट पोटीस वरून निवलेले वाटले तरी आतून चटका देते, ते लवकर गार होत नाही आणि फुटलेल्या गळवावर त्याचे कण चिकटून राहतात. भाजलेला कांदा, तव्यावर तापवलेले कापड, गरम तेल यांच्याबाबतही तेच. स्वच्छ कापड आणि कोमट-गरम पाणी यांनी तेच काम निर्धोकपणे होते. चुना मात्र अजिबात लावू नये. तो तीव्र क्षार असल्याने त्वचा रासायनिकरीत्या जाळतो. टूथपेस्ट, राख, तंबाखू यांचा उपयोग नाही; जखम दूषित होते एवढेच.

औषध दुकानातून गजकर्णाची म्हणून मिळणारी मिश्र मलमेही लावू नयेत. त्यांतल्या अनेकांत स्टिरॉइड असते. त्याने लाली तात्पुरती कमी दिसते, पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबते आणि संसर्ग आत फोफावतो.

घरी थांबू नये, ते कधी?

ताप, हुडहुडी, लालीचे झपाट्याने पसरणे, गळवापासून निघालेल्या लाल रेषा, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गळू लिंबाएवढे किंवा त्याहून मोठे असेल, एकाला लागून अनेक तोंडे असतील, नीट शेक देऊनही पाच ते सात दिवसांत फरक नसेल, तरीही दाखवावे. मधुमेह, गर्भावस्था, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोगाचे उपचार, दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असणे, तसेच लहान बाळे आणि वृद्ध यांच्याबाबतीत घरचा शेक देतानाच पहिल्या एक-दोन दिवसांत तपासणी करून घेतलेली बरी.

गुदद्वाराजवळचे गळू हे कुल्ल्यावरचे साधे गळू नव्हे. शौचाला बसताना वाढणारी कळ, खोलवर ठणका आणि बाहेर फारसे काही न दिसणे, ही त्याची खूण. ते आतल्या ग्रंथीतून सुरू होते, शेकाने बरे होत नाही आणि वेळेत निचरा झाला नाही तर पुढे भगंदर होऊ शकते. त्यासाठी थेट शल्यचिकित्सकाकडे जावे.

एक परिस्थिती तर तासांच्या हिशेबाची असते. दिसणाऱ्या गळवाच्या मानाने वेदना कितीतरी जास्त, त्वचा जांभळी-काळी पडणे, त्यावर पाण्याचे फोड येणे, दाबल्यावर करकर जाणवणे, किंवा रुग्ण भ्रमिष्टासारखा वागणे, धाप लागणे. हे मांसापर्यंत पसरणाऱ्या संसर्गाचे किंवा रक्तात विष भिनल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी शेक, मलम, ‘सकाळी बघू’ हे सारे बाजूला ठेवून रात्री-अपरात्रीही मोठे रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

ते गळूच आहे का?

काखेतली प्रत्येक गाठ गळू नसते. गळू त्वचेतच असते, लाल असते, दुखते आणि काही दिवसांत तोंड धरते. त्वचेखाली खोल, हलवल्यास सरकणारी, वर लाली नसलेली गाठ ही बहुधा लसिका ग्रंथी असते. हाताला जखम झाली, तर काखेत अशी गाठ येऊन आठवडा-दोन आठवड्यांत विरते. न दुखणारी गाठ दोन-तीन आठवड्यांनंतरही राहिली, वाढत गेली, सोबत बारीक ताप, वजन घटणे किंवा स्तनात गाठ असेल, तर ती शेकत बसण्यात मौल्यवान वेळ जातो. क्षयरोग आणि स्तनाचा कर्करोग यांची सुरुवात कधी काखेतल्या गाठीनेही लक्षात येते.

दोन्ही काखांत किंवा जांघेत त्याच त्या जागी महिनोन्‌महिने गळवे येत असतील, एकाशेजारी दोन काळी टोके दिसत असतील, व्रणांच्या दोऱ्या पडत असतील, तर तो ‘हायड्राडेनायटिस सप्युराटिव्हा’ हा त्वचेचा जुनाट आजार असू शकतो. तो अस्वच्छतेमुळे होत नाही आणि साध्या गळवाच्या उपचारांनी आटोक्यात येत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ हवेत. कुल्ल्यांच्या मधल्या घडीत, माकडहाडाच्या वर वारंवार गळू होऊन स्राव येत असेल, तर ‘पायलोनायडल सायनस’ ही शक्यता असते. त्वचेत शिरलेले केस त्याच्या मुळाशी असतात आणि अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते.

डॉक्टर काय करतात? अँटिबायोटिक हवेच का?

गाठ कडक असेल तर डॉक्टरही शेकच द्यायला सांगतात. पू नसलेल्या गाठीला चिरा देऊन फायदा नसतो. दाबल्यावर आत पाणी हलल्यासारखे जाणवले, तर जागा बधिर करून छोटा चिरा देतात, पू पूर्ण काढतात आणि जखम टाके न घालता उघडी ठेवतात, म्हणजे ती तळापासून भरत येते. लहान गळवासाठी हे काम बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होते. ज्या भीतीपोटी आठवडाभर ठणका सोसला जातो, ती वेदना पू निघताच बहुतांशी ओसरते.

साध्या, लहान गळवाला अँटिबायोटिक लागतेच असे नाही. पुवाभोवतीच्या भिंतीमुळे औषध आत नीट पोहोचत नाही, म्हणून निचरा हाच मुख्य उपचार. ताप, पसरणारी लाली, मोठे गळू, मधुमेह अशा वेळी डॉक्टर गोळ्या देतात. मागच्या वेळच्या उरलेल्या चार गोळ्या किंवा दुकानदाराने दिलेली पट्टी घेण्यात दोन तोटे आहेत. गळू अर्धवट दबून पुन्हा उसळते आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू शिल्लक राहतात. अनेक औषधांना दाद न देणारा ‘एमआरएसए’ हा याच स्टॅफिलोकोकसचा प्रकार आहे. म्हणून वारंवार होणाऱ्या गळवात डॉक्टर पुवाचा नमुना तपासणीला पाठवतात.

पुन:पुन्हा होत असेल तर?

वरच्या उदाहरणातल्या रिक्षाचालकाला सहा महिन्यांत हे तिसरे गळू होते. ते बरे झाल्यावरही एक काम बाकी राहते : रक्तातली साखर तपासणे. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशींची लढण्याची ताकद घटते आणि अनेकदा मधुमेहाचा पहिला सुगावा गळवातूनच लागतो. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीए१सी’ ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आली, तर पुन्हा चाचणी करून मधुमेहाचे निदान केले जाते. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. संसर्ग जोरात असताना साखर तात्पुरती वाढू शकते, म्हणून गळू बरे झाल्यावर ती पुन्हा पाहिली जाते.

साखर ठीक असेल, तर नाकातल्या जिवाणूंकडे पाहावे लागते. डॉक्टर पाच दिवस नाकात लावायचे मलम आणि अंगाला लावायचे जंतुनाशक द्रावण देऊ शकतात. गरज पडल्यास घरातल्या इतरांनाही. त्याच्या जोडीला रोजच्या काही सवयी बदलाव्या लागतात. घामाचे कपडे घरी आल्याबरोबर बदलणे, घट्ट कृत्रिम कापडाऐवजी सैल सुती अंतर्वस्त्रे वापरणे, काखेतले केस वस्तऱ्याने तासण्याऐवजी कात्रीने बारीक करणे, सीटवर रोज धुता येईल असे सुती आच्छादन टाकणे. रिक्षाचालकासाठी हे शेवटचे काम सर्वांत सोपे आहे, आणि चौथे गळू टाळण्याची सुरुवात त्याला तिथूनच करता येईल.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष उपचारांसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)